मागे पडलेले सेंटिमीटर परत येतात का?

*माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. अडीच वर्षांची होईपर्यंत छान वाढत होती, तेव्हा उंची ८७.५ सेमी होती. मग पोट फुगायला लागलं, शी पातळ, भूक नाही. तीन वर्षं नुसती औषधं बदलत राहिलो. साडेपाचव्या वर्षी सिलियॅक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतडं झिजवणारा आजार. तेव्हा उंची ९९ सेमी होती आणि हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय ४ आलं. ग्लुटेन पूर्ण बंद करून आता वर्ष झालं. वजन भराभर वाढलं, उंची १०७.५ झाली. पण तक्त्यावर अजून खालच्या रेघेलाच चिकटून आहे. डॉक्टर म्हणतात, ‘भरून निघेल.’ सासूबाई म्हणतात, ‘गेली ती वर्षं गेली.’ माझी उंची १५७, तिच्या बाबांची १७०. भरून निघेल म्हणजे पूर्ण, की थोडंफार? आणि उंचीसाठी वेगळं काही द्यावं का?*

*– एक आई*

तुमच्या मुलीच्या बाबतीत पूर्ण भरून निघण्याची शक्यता चांगली आहे. तुम्ही इतके नेमके आकडे दिलेत, की हे त्यांच्यावरूनच दाखवता येतं. एक वही घेऊन बसा, थोडी बेरीज-वजाबाकी करायची आहे.

पहिला प्रश्न असा, की तिला पोचायचं कुठे आहे? तक्त्याची मधली रेघ म्हणजे आपल्या मुलीची रेघ, असं बहुतेक आईवडील धरून चालतात आणि मग ती रेघ गाठली नाही म्हणून वर्षानुवर्षं झुरतात. मुलीची अपेक्षित उंची काढायची साधी रीत अशी: आईवडिलांच्या उंचीची बेरीज करा, त्यातून १३ वजा करा आणि निम्मं करा. (मुलगा असेल तर १३ मिळवायचे.) तुमचे १५७ आणि बाबांचे १७० मिळून ३२७ होतात. १३ गेले, ३१४ उरले, त्याचे निम्मे १५७. हा काही दगडावरचा आकडा नव्हे, दोन्ही बाजूंना आठेक सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर वाढ संपलेल्या मुलीची मधली उंची १६३ सेमी आहे. १५७ तिथे मधल्या रेघेच्या खालच्या पहिल्या रेघेवर येते, वजा एक अशी खूण असते तिच्यावर. तिची वाट ही. आजारी पडण्याआधी ती बरोबर याच वाटेवर होती, कारण अडीच वर्षांच्या मुलीसाठी ही रेघ साधारण ८७.१ सेमीवर असते आणि ती ८७.५ होती.

आता तीन वर्षांत काय झालं ते बघू. साडेपाच वर्षांना ही रेघ १०७.५ च्या आसपास असते. ती होती ९९ वर, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर मागे. तीन वर्षांत वीस सेंटिमीटर वाढायला हवी होती, तिथे साडेअकराच वाढली. तूट एवढी, आणि आपल्याला भरून काढायची आहे तीही एवढीच. मधल्या रेघेपर्यंतचे उरलेले पाच सेंटिमीटर आजाराने नेलेले नाहीत, ते तुम्हा दोघांकडून आलेले आहेत.

गेल्या वर्षात तिची रेघ साडेपाच सेंटिमीटर वर गेली, १०७.५ वरून ११३ वर. ती स्वतः साडेआठ वाढली. म्हणजे साडेपाच रोजच्या खर्चात गेले आणि तीन जुन्या उधारीत जमा झाले. तूट साडेआठची साडेपाच झाली. तक्त्यावर ती ‘खालच्या रेघेलाच चिकटून’ दिसते हे खरं, पण वर्षभरापूर्वी ती त्या रेघेच्याही बरीच खाली होती. तुमचं लक्ष ती कुठे आहे याकडे आहे. या वयात कुठल्या वेगाने चालली आहे हे पाहणं जास्त उपयोगाचं. चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वर्षभर या वेगाच्या स्पष्ट वर राहिलं, तरच आम्ही त्याला भरपाईची वाढ म्हणतो. साडेआठ त्यात निःसंशय बसतात.

सासूबाईंच्या वाक्याचं उत्तर मात्र त्या एक्स-रेमध्ये आहे. हाडांचं वय म्हणजे हाडं किती पक्की झाली आहेत त्याचं माप. ते ४ आलं म्हणून तुम्ही घाबरला असाल. मला तो आकडा वाचून बरं वाटलं.

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात पेशींच्या उभ्या रांगा दिसतात, नाण्यांच्या चळती लावल्यासारख्या. वरच्या टोकाला राखीव पेशी असतात. त्यांच्यापासून नव्या पेशी होतात, त्या विभागतात, फुगतात आणि खालच्या टोकाला त्यांच्या जागी हाड तयार होतं. हाड लांब होतं ते असं. या पेशींना विभागण्याची मर्यादा असते. जसजशा विभागण्या होत जातात तसतशी पट्टी म्हातारी होते, तिचा वेग मंदावतो आणि शेवटी ती हाडात विरून जाते. ती विरली की उंची थांबली.

खरी मेख इथे आहे. उपासमारीत किंवा लांबलेल्या आजारात या पेशी विभागणं जवळजवळ थांबवतात, पण तेवढ्याने त्यांचा साठा खर्च होत नाही. कॅलेंडरची तीन वर्षं गेली, तरी पट्टीच्या हिशेबात दीडच वर्ष गेलेलं असतं. आजार हटला की ती आपल्या तरुण वयाच्या वेगाने वाढायला लागते, आणि लहान वयाचा वेग जास्त असतो. ही कल्पना आली कुठून, ती गोष्ट मला फार आवडते. भरपाईच्या वाढीचं ‘कॅच-अप ग्रोथ’ हे नाव १९६३ साली मुलांच्या वाढीचे अभ्यासक आंद्रेया प्राडर, जेम्स टॅनर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याच्या लेखातून रूढ झालं. टॅनरना वाटायचं की मेंदूत कुठेतरी मूल किती उंच असायला हवं याची नोंद असते आणि तूट दिसली की मेंदू वेग वाढवायचा हुकूम सोडतो. मग १९९४ साली सशांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात सशाच्या एकाच पायातल्या ग्रोथ प्लेटमध्ये स्टेरॉइड सोडून तेवढ्याच पट्टीची वाढ मंदावली होती. औषध थांबवल्यावर भरपाई झाली तीही त्या एकाच पट्टीत. हुकूम मेंदूतून येत असता तर तो चारही पायांना गेला असता. निदान हिशेबाचा मोठा भाग त्या पट्टीतच असतो, असं तेव्हापासून मानलं जाऊ लागलं.

आता हेच तुमच्या मुलीला लावू. साडेपाच वर्षांची असताना हाडांचं वय ४ होतं. तिच्या वाटेवर चार वर्षांच्या मुलीची उंची किती असते? साधारण ९८.५. ती ९९ होती. म्हणजे उंची मागे पडली तेवढंच हाडांचं वयही मागे राहिलं. दीड वर्ष वाया गेलं असं वाटतं, पण ते हाडांच्या खात्यात जसंच्या तसं शिल्लक आहे. एक्स-रे वाचण्यात सहा महिन्यांचा फरक सहज पडू शकतो, त्यामुळे दशांशापर्यंत ताणून हा हिशेब करू नका. तरी चित्र स्वच्छ आहे.

उलट याच उंचीला हाडांचं वय पाच-साडेपाच आलं असतं, तर मी तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं असतं. तेव्हा उंची गेलेली असते आणि वेळही गेलेला असतो. सगळ्याच आजारांत हाडं अशी थांबून राहत नाहीत. आणि कधी कधी आजारात थांबतात, पण उपचारानंतर सुसाट सुटतात. वर्षानुवर्षं न ओळखलेल्या थायरॉइडच्या कमतरतेत हे पाहायला मिळतं. गोळ्या सुरू झाल्यावर मूल झपाट्याने वाढतं, घरचे खूश होतात, पण हाडांचं वय उंचीपेक्षाही पुढे पळत असतं आणि शेवटी काही सेंटिमीटर कमी पडतात ते पडतातच. म्हणून एक वर्ष जोरात वाढली एवढ्यावर मी कधी ‘पूर्ण’ हा शब्द वापरत नाही. हाडं किती पुढे गेली हे विचारते. तुमच्या मुलीचा दुसरा एक्स-रे अजून झालेला दिसत नाही. पहिल्यानंतर वर्ष-दीड वर्षाने तो करावा, म्हणजे आता. हाडांचं वय पाच ते साडेपाचच्या दरम्यान आलं, तर उत्तम. पाच वर्षांच्या हाडांना तिच्या वाटेवर साधारण १०५ सेमी शोभतात, साडेपाचच्या हाडांना १०७.५. ती आज १०७.५ आहे, म्हणजे काही गमावलेलं नाही. एकदम सात आलं, तर मुलांच्या हार्मोन-तज्ज्ञांना दाखवायची वेळ आली असं समजा.

भरपाई कशी होते याचेही प्रकार आहेत. तान्ह्या बाळात ती भन्नाट असते. वेग नेहमीच्या चौपटीपर्यंत जातो, तूट झरझर भरते आणि जुनी वाट सापडली की वेग आपोआप उतरतो. दुसरा प्रकार संथ. वेग फारसा वाढत नाही, पण वयात येणं लांबतं, वाढ इतरांपेक्षा जास्त वर्षं चालू राहते आणि शेवटच्या टप्प्यात हिशेब पुरा होतो. तुमच्या मुलीच्या वयाला बहुधा दोन्हींचं मिश्रण दिसतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं जोराची, मग थोडी तूट उरते आणि ती शेवटी जास्त वेळ वाढून भरते. वेग दरवर्षी थोडा उतरणार हे आधीच लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी साडेआठऐवजी साडेसात आले की उगाच धस्स होईल. नमुना म्हणून मांडून बघा. पुढच्या वर्षी साडेसात वाढली तर ११५ होईल, तिची रेघ तेव्हा ११८ च्या थोडी वर असेल, तूट सव्वातीनच्या आसपास. त्याच्या पुढच्या वर्षी सात वाढली तर १२२, तूट दोनेक सेंटिमीटर. तिथून पुढे दरवर्षी फार तर एखादा सेंटिमीटर भरेल. हे भाकीत नाही, जमाखर्च कसा मांडायचा ते दाखवलं.

तक्त्याबद्दल एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण तिथे मी स्वतः फसलेली आहे. नव्याने डॉक्टरकी करायला लागले तेव्हा एका वडिलांना मी मोठ्या उत्साहाने म्हटलं होतं, ‘बघा, तक्त्यावर मुलगी वर सरकली, तूट भरतेय.’ रात्री आकडे पुन्हा मांडले, तर तिने एक सेंटिमीटरही परत मिळवला नव्हता. होतं असं, की तक्त्यावरच्या रेघा वयाबरोबर पंख्यासारख्या फाकत जातात. दोन वर्षांच्या मुलींमध्ये दोन शेजारच्या रेघांत साधारण ३.२ सेमीचं अंतर असतं, दहा वर्षांच्या मुलींमध्ये ते ६.४ होतं. दोन वर्षांची मुलगी मधल्या रेघेच्या ६.४ सेमी खाली असेल, तर ती वजा दोनवर, म्हणजे खुरटलेली ठरण्याच्या उंबरठ्यावर. तीच मुलगी दहाव्या वर्षी तेवढेच ६.४ सेमी खाली असेल, तर तक्त्यावर आरामात वजा एकवर. कागदावर ती एक आख्खी रेघ वर चढली, भिंतीवर मात्र होती तिथेच राहिली. मोठ्या पाहणीतही हे होतं. लहानपणी कुपोषित राहिलेली आणि पुढे त्याच परिस्थितीत वाढलेली मुलं तक्त्यावर थोडी सुधारल्यासारखी दिसतात, आणि सेंटिमीटरमध्ये मोजलं तर त्यांची तूट वाढलेली निघते. म्हणून मी सगळ्या आईवडिलांना तूट सेंटिमीटरमध्ये लिहायला लावते. तुमच्या मुलीची साडेआठवरून साडेपाचवर आली आहे. ही खरी भरपाई.

अर्थात मोजमाप नीट असेल तरच. उंचीच्या नोंदी किती ढिसाळ असतात हे रोज पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चप्पल-मोजे काढा. केसांची शेंडी किंवा अंबाडा डोक्यावर असेल तर सोडा, नाहीतर दोन सेंटिमीटर तिथेच फुकट मिळतात. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकलेले हवेत, गुडघे सरळ. हनुवटी वर उचलू देऊ नका. मुलांना उंची मोजायची म्हटलं की मान ताणायची सवय असते, आणि हनुवटी वर गेली की उलट उंची कमी भरते. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. डोक्यावर पट्टी नुसती ठेवू नका, भिंतीशी काटकोन होईल असं काहीतरी ठेवा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उभं धरून चालतं. तीनदा मोजा आणि दर वेळी मुलीला भिंतीपासून बाजूला करून परत उभी करा. तिन्ही आकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आले तर सरासरी लिहा. आणि वेळ तीच ठेवा. दिवसभराच्या धावपळीत मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळची उंची संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर कमी होऊ शकते. एक मोजमाप सकाळचं आणि पुढचं संध्याकाळचं घेतलंत, तर दीड-दोन महिन्यांची वाढच गायब झालेली दिसेल. म्हणून दर महिन्याला मोजायच्या भानगडीत पडू नका. सहा महिन्यांनी मोजा, वेग मात्र वर्षाचाच धरा.

अडीच वर्षांचं ते ८७.५ निजवून मोजलेलं होतं की उभं करून, हेही जुन्या फायलीत बघा. निजवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण पाऊण सेंटिमीटर जास्त भरते. तुमच्या हिशेबात त्याने फार फरक पडत नाही, पण दोन वर्षांच्या आसपास निजवून मोजणं सोडून उभं मोजायला लागलं, की ‘बाळाची वाढ अचानक थांबली’ म्हणून धावत आलेले आईवडील मी बरेच पाहिले आहेत.

आता ‘वेगळं काही द्यावं का’ याकडे येते. उंची वाढवणारं म्हणून जे काही डब्यात भरून विकलं जातं, त्यातलं काहीही नको. तिच्या आतड्याचं अस्तर झिजलं होतं, अन्न पोटात जाऊनही अंगी लागत नव्हतं. ग्लुटेन बंद झालं की अस्तर पुन्हा उभं राहतं आणि साधं घरचं पुरेसं जेवण अंगी लागायला लागतं. औषध म्हणाल तर ते हेच. वजन आधी भरतं, उंची मागून येते, हा क्रम कुपोषणातून उठलेल्या बहुतेक मुलांत दिसतो. शरीर आधी स्नायू आणि चरबी सावरतं, मग हाडांकडे वळतं. काही कमतरता मात्र तपासून पुऱ्या कराव्या लागतात. लोह कमी असेल तर रक्त फिकं दिसतं, ड जीवनसत्त्व रक्ताच्या तपासणीत कळतं. जस्ताची गोष्ट फसवी आहे. ते थोडंसं कमी पडलं तर शरीर वेगळं लक्षण न दाखवता गुपचूप वाढच थांबवतं. प्रथिनांचंही तसंच. म्हणून सिलियॅकच्या मुलांत डॉक्टर सुरुवातीला जस्त, लोह आणि ड यांची चौकशी करतात. कमी असेल ते ठरावीक काळ द्यायचं आणि थांबवायचं. सगळं भरपूर असताना जास्तीचं दिल्याने पट्टी जास्त वेगाने वाढत नाही.

एका बाबतीत मी तुम्हाला जरा हात आखडा घ्यायला सांगेन. इतकी वर्षं न जेवलेलं मूल जेवायला लागलं की घर त्याला भरवत सुटतं. वजन भराभर वाढलं असं तुम्ही लिहिलंय. ते उंचीला साजेसं आहे ना, हे पुढच्या भेटीत बघून घ्या. उंचीसाठी लागणारं वजन भरून झालं की त्यापुढचं वजन चरबीचं असतं. लठ्ठपणा हाडांचं वय पुढे ढकलतो आणि मुलींमध्ये वयात येणंही अलीकडे आणू शकतो. शिल्लक ठेवलेला वेळ असा उधळला जातो.

वयात येण्याची ही भीती पोकळ नाही. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. खुरटलेल्या अवस्थेत गेलेल्या या मुली भरपूर अन्न आणि उपचार मिळाल्यावर झपाट्याने वाढल्या. पण त्यांना पाळी साधारण ११.६ वर्षांनाच आली आणि वाढ संपल्यावरची सरासरी उंची १५४ सेमीच भरली. सगळ्यात जास्त खुरटलेल्या आणि सगळ्यात वेगाने भरपाई केलेल्या मुलींना पाळी सगळ्यात लवकर आली. सुरुवातीला मिळवलेले सेंटिमीटर शेवटी दार लवकर बंद झाल्याने हातचे गेले. तुमच्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. ती पहिली अडीच वर्षं नीट वाढली, तिचा पाया खुरटलेला नाही, आणि हाडं मागे असल्यामुळे ती बहुधा बरोबरीच्या मुलींपेक्षा थोडी उशिराच वयात येईल. उशीर झाला तर काळजी करू नका, तो आपल्या फायद्याचा आहे. पण आठ वर्षांच्या आत छातीला गाठ किंवा उभारी जाणवली, तर पुढच्या नियमित भेटीची वाट पाहू नका. पाळी आल्यानंतर मुली साधारण पाच ते सात सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळे मोठी तूट त्याआधीच भरलेली बरी.

सिलियॅकमध्ये जी मुलं कमी पडतात ती बहुतेक दोन प्रकारची असतात. काहींचं निदानच वयात येताना किंवा त्यानंतर होतं, तेव्हा पट्टीत फार काही उरलेलं नसतं. बाकीच्यांच्या घरी ग्लुटेन बंद आहे असं सगळ्यांना वाटत असतं आणि ते कुठूनतरी जात असतं. गहू, जव आणि राय ही धान्यं तेवढी टाळून भागत नाही. तेच पीठ लागलेला चमचा, दाटपणासाठी पीठ घातलेला पदार्थ, मित्राच्या डब्यातला एक घास, एवढ्यानेही अस्तर पुन्हा सुजतं. पोट दुखेलच असं नाही. कित्येकदा वेग उतरणं हीच पहिली खूण असते. तिच्या रक्तातली टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची प्रतिपिंडं निदानाच्या वेळी मोजली असणार. ती आता परत मोजा. पथ्य पक्कं असेल तर पातळी उतरत जाते, पूर्ण सामान्य व्हायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. पातळी सपाट राहिली किंवा पुन्हा चढली, तर घरातलं जेवण आणि शाळेतला डबा तपासा.

पुढचं वर्ष संपताना वाढ सात-साडेसात सेंटिमीटर भरली तर काही करायचं नाही. सहा-साडेसहा आली तरी तूट भरतेच आहे, फक्त संथपणे. साडेपाच किंवा त्याहून कमी भरली, आणि तूट अजून पाचच्या आसपास असली, तर मग थांबून कारण शोधायला हवं. आधी ती प्रतिपिंडं. ती उतरलेली असतील तर थायरॉइड तपासा, कारण सिलियॅक असलेल्या मुलांत थायरॉइडचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. तोही नीट असेल तर वाढीच्या हार्मोनची तपासणी लागते. पथ्य काटेकोर असताना, प्रतिपिंडं खाली असताना वर्षभर भरपाई झाली नाही, अशा थोड्या मुलांत त्या हार्मोनची कमतरता खरोखर सापडते आणि तिच्यावर उपचार आहेत.

डॉक्टरांकडे जाताना ८७.५, ९९ आणि १०७.५ हे तीन आकडे तारखांसकट एका कागदावर लिहून न्या. जुना एक्स-रेही न्या, नुसता रिपोर्ट नको, फिल्म न्या, म्हणजे नव्या फिल्मशेजारी ठेवून दोन्ही एकाच नजरेने वाचता येतील.